सोमवारी प्रेझेंटेशन: केबल तुटली तरी नेट चालतं कसं? परीक्षक काय विचारतील?

ईशान_जेलरोड · गुरुवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी कॉम्प्युटर नेटवर्क्सचं प्रेझेंटेशन आहे आणि बाहेरून परीक्षक येणार आहेत. विषय मिळालाय राउटिंग, कंजेशन आणि बिघाड होऊनही इंटरनेट का चालू राहतं. स्लाइड झाल्यात, पण प्रश्नोत्तरांची भीती वाटते. गेल्या वर्षी एका सीनियरला विचारलं होतं, "केबल तुटल्यावर पहिल्या सेकंदात नेमकं काय होतं?" तो गप्प बसला. मीही बसलो असतो.

माझ्या स्लाइडवर एवढंच आहे: "लिंक तुटली की राउटर दुसरा मार्ग शोधतात." यावर काय काय विचारता येईल? लॅबमध्ये तीन जुने पीसी मिळालेत, त्यांवर लिनक्स आणि एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर टाकून ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसांत बोलून मार्ग ठरवायची पद्धत, चालवलंय. डेमो दाखवायचा विचार आहे.

---

चिवडा_पॅक · रात्री ९.३२

सोपं आहे भाऊ. इंटरनेट अणुबॉम्ब पडला तरी चालावं म्हणूनच बनवलंय. एकाच फाइलची पाकिटं वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात, एक रस्ता गेला तर बाकीची पोचतात. राउटर गूगल मॅप्ससारखं बघतो, कुठे ट्रॅफिक कमी आहे, आणि तिकडून पाठवतो. एवढं सांग, पैकीच्या पैकी.

---

पिंपळगावकर · रात्री ९.५०

नेट चालू राहतं म्हणे! आमच्याकडे या आणि बघा. मागच्या महिन्यात जेसीबीवाल्याने चर खणताना फायबर तोडली, दीड दिवस नेट बंद. द्राक्षाच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं अपलोड करायची होती. मी मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली आहेत, दोन्ही एकदम गेली. तुमच्या परीक्षकांना हे विचारा.

---

रात्रपाळी_सातपूर · रात्री ११.४०

ड्यूटीवर आहे, सावकाश लिहितो. (नेटवर्क सांभाळणं हेच काम, बारा वर्षं झाली.)

ईशान, "दुसरा मार्ग शोधतात" हे तुझं वाक्य चूक नाही, पण त्यातला अवघड भाग तू गाळलायस. दुसरा मार्ग शोधणं सोपं आहे. राउटरकडे सगळा नकाशा असतो, गणित काही मिलिसेकंदांत होतं. अवघड आहे ते मार्ग मेलाय हे कळणं. परीक्षक जाणकार असेल तर तिथेच बोट ठेवेल.

डेमो असा कर. तुझे तीन पीसी म्हणजे आर१, आर२, आर३ हे राउटर, त्यांचा त्रिकोण. आर१ मागे एक लॅपटॉप, आर२ मागे दुसरा. आर१ ते आर२ सरळ केबल, आणि आर३ वरून वळसा. पहिल्या लॅपटॉपवरून दुसऱ्याला सेकंदाला पाच पिंग सोड:

```
ping -i 0.2 10.0.20.5
```

आता आर१-आर२ ची केबल उपट. एक-दोन पिंग हरवतील, बस. कारण केबल निघताच दोन्ही कार्डांवरचा दिवा विझतो आणि राउटरला तत्क्षणी कळतं.

मग तीच केबल काढून मध्ये एक साधा स्विच टाक, आणि आर२ च्या बाजूची वायर उपट. आर१ चा दिवा स्विचमुळे चालूच राहील. आर१ ला वाटेल सगळं ठीक आहे. ओएसपीएफ दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हॅलो पाठवतं आणि ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी मेला समजतं. म्हणजे जवळपास ४० सेकंद आर१ पाकिटं मेलेल्या वायरीत ओतत राहील. परीक्षकांना हे दाखव.

चिवडा, तुझ्यावर उद्या. त्यात बरंच अर्धं बरोबर आहे.

---

ट्रंककॉल · शुक्रवार, सकाळी ७.१५

टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो. आमच्या काळी नाशिक-मुंबई ट्रंक लागला की दोन टोकांमध्ये तेवढ्या कॉलपुरता एक रस्ता राखून ठेवलेला असे. मध्ये कुठे केबल तुटली की तो कॉल गेलाच. ग्राहकाने पुन्हा नंबर लावायचा. रस्त्याची आठवण एक्स्चेंजमध्ये होती, म्हणून एक्स्चेंज गेलं की संभाषण गेलं.

नेटमध्ये मधल्या राउटरला तुमचं "संभाषण" चालू आहे हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी प्रत्येक पाकीट नवं. काय पोचलं, काय राहिलं याचा हिशोब फक्त दोन टोकांच्या मशीनकडे. म्हणून मधला राउटर मेला तरी टोकं हिशोब पुढे चालू ठेवतात. आम्हाला निवृत्तीच्या आधी हे शिकवलं तेव्हा बराच वेळ पटलंच नव्हतं. मधलं यंत्र बिनडोक ठेवणं हा गुण कसा असू शकतो?

अवांतर: कसारा घाट बंद झाला की गाड्या वळसा घालतात, तसंच हे. फक्त घाटात अडकलेली गाडी थांबून राहते. पाकीट थांबत नाही, ते दरीत जातं.

---

ईशान_जेलरोड · शुक्रवार, दुपारी ४.०५

काका, "दरीत जातं" हे मी वापरणार, परवानगी द्या!

रात्रपाळी सर, लॅबमध्ये केलं. पहिला प्रयोग तुम्ही म्हणालात तसाच झाला, फक्त दोन पिंग गेले. पण दुसरा नाही झाला. मध्ये स्विच टाकला, आर२ कडची वायर उपटली, आर१ चा दिवा चालू होता. तरी तीनच पिंग गेले! तीनदा करून बघितलं. ४० सेकंद कुठेच दिसले नाहीत. माझं काय चुकलं?

---

चिवडा_पॅक · शुक्रवार, दुपारी ४.२०

बघा, मी सांगितलं होतं. राउटर हुशार असतो. उगीच घाबरवतात.

---

रात्रपाळी_सातपूर · शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

ईशान, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. झोपेतून उठून हे वाचलं आणि कपाळावर हात मारला.

तू आर२ ची वायर उपटलीस तेव्हा आर१ आंधळा होता, पण आर२ ला तर दिसलं. त्याचा स्वतःचा दिवा विझला. त्याने लगेच जाहीर केलं, "आर१ कडची माझी लिंक गेली." ही बातमी आर३ मार्गे फिरून आर१ ला पोचली. ओएसपीएफचा नियम असा की दोघांनी "आमची लिंक आहे" म्हटलं तरच ती धरायची. एकाने नाकारलं की नकाशातून गेली. म्हणजे एका टोकाला कळलं तरी पुरतं.

दोन्ही टोकं आंधळी करायची तर स्विच दोन हवेत. आर१, स्विच, स्विच, आर२. आणि वायर उपटायची ती दोन स्विचच्या मधली. खऱ्या जगात हेच होतं. राउटर आणि फायबर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एखादं कन्व्हर्टर किंवा भाड्याच्या लाइनचं उपकरण बसलेलं असतं. मध्ये कुठेतरी जेसीबी चालतो आणि दोन्ही ऑफिसांत दिवे हिरवेच. आमच्याकडे रात्री येणाऱ्या "लिंक अप आहे पण काही चालत नाही" या तक्रारींत हा प्रकार हमखास असतो.

आणि आधीच सांगतो, ४० चा आकडा नेमका येणार नाही. घड्याळ शेवटच्या हॅलोपासून मोजतं, तू वायर उपटतोस तेव्हापासून नाही. शेवटचा हॅलो नुकताच आला असेल तर ४० च्या जवळ, पुढचा येण्याच्या बेतात असेल तर ३० च्या जवळ. दर वेळी या दोन्हींच्या मध्ये काहीतरी मिळेल.

---

निवृत्त_मास्तरीण · शुक्रवार, रात्री ८.००

गंगापूर रोडवरून. हाच विषय बरीच वर्षं शिकवला आणि परीक्षक म्हणूनही फिरले, म्हणून राहवलं नाही.

ईशान, चिवडा यांचं उत्तर तू दिलंस तर मी दोन ठिकाणी अडवेन.

एक, अणुबॉम्ब. पॉल बॅरन यांनी रँड संस्थेत १९६४ मध्ये जे मांडलं, ते खरोखर अणुहल्ल्यातून तगणाऱ्या संपर्कजाळ्याबद्दल होतं. पाकिटांची कल्पना तिथे होती. पण १९६९ मध्ये सुरू झालेलं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वज जाळं, विद्यापीठांतले महागडे संगणक एकमेकांना वापरता यावेत म्हणून बांधलं. दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगू नकोस.

दोन, गूगल मॅप्स. नेहमीचं राउटिंग गर्दी बघत नाही. तुझ्या ओएसपीएफमध्ये प्रत्येक लिंकची किंमत ठरलेली असते. लिंक ओसंडून वाहत असली तरी किंमत तीच. मग मी पुढचा प्रश्न विचारेन: का बघत नाही? बघितलं तर बरंच नाही का? विचार कर.

---

चिवडा_पॅक · शुक्रवार, रात्री ८.१५

मॅडम, पण बघायलाच हवं ना! द्वारका सर्कलला जॅम दिसला की मी आतल्या गल्लीतून जातो. राउटरने तेवढंही करू नये?

---

निवृत्त_मास्तरीण · शुक्रवार, रात्री ८.४०

तुम्हीच उत्तर दिलंत. फोनने सगळ्यांनाच ती गल्ली दाखवली तर?

आर्पानेटने हे करून बघितलं होतं. प्रत्येक लिंकवर पाकिटाला किती उशीर होतो ते मोजायचं आणि तीच लिंकची किंमत धरायची. गर्दी कमी असताना उत्तम चाललं. गर्दी वाढली की सगळे राउटर एकदम मोकळ्या लिंककडे वळत, ती तुंबे, पहिली रिकामी पडे, पुढच्या मोजणीत सगळे परत पहिलीकडे. रहदारी लंबकासारखी हेलकावत राही आणि दोन लिंक असून एकाच लिंकचं काम होई. १९८७ मध्ये ती मोजणी बदलावी लागली, म्हणजे किंमत फार झपकन आणि फार जास्त वाढू नये असं केलं. पुढे किंमत माणसाने ठरवायची हाच रिवाज झाला. गर्दीचा बंदोबस्त राउटिंगकडे न ठेवता टोकांच्या मशीनवर सोपवला.

---

रात्रपाळी_सातपूर · शुक्रवार, रात्री ११.५५

+१ मॅडम. माझी थोडी भर.

चिवडा, "एकाच फाइलची पाकिटं वेगवेगळ्या रस्त्यांनी" हेही अर्धंच. जाऊ शकतात, पण सहसा जाऊ देत नाहीत. दोन सारख्या किमतीचे रस्ते असले तर राउटर पत्ते आणि पोर्ट यांवरून एक आकडा काढतो आणि त्या संभाषणाची सगळी पाकिटं एकाच रस्त्याला लावतो. नाहीतर ती मागेपुढे पोचतात, आणि समोरच्या मशीनवर हिशोब ठेवणाऱ्या टीसीपीला वाटतं की काही हरवलं.

पिंपळगावकर साहेब, तुमचा प्रश्न खरं तर याच धाग्याचा आहे. इंटरनेट वळसा घेतं ते वळसा असेल तिथे. तुमच्या गोठ्यापासून पहिल्या एक्स्चेंजपर्यंत रस्ता एकच. कंपन्या दोन असल्या तरी बहुधा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आल्यात. कागदावर दोन आणि जमिनीत एक. मोठमोठ्या कंपन्या यात फसतात, तुम्ही एकटे नाही. दोघांच्या वायरी खांबापासून कुठून जातात ते एकदा चालत जाऊन बघा.

---

पिंपळगावकर · शनिवार, सकाळी ६.४०

गोठा नाही हो, पॅकहाउस आहे. बघतो चालत.

पण अजून एक. आता मी फायबर गेली की मोबाइलवर आपोआप जाणारा राउटर लावलाय. जातोही लगेच. पण चालू असलेला अपलोड तुटतोच. तुम्ही तर म्हणता टोकं हिशोब ठेवतात?

---

रात्रपाळी_सातपूर · शनिवार, सकाळी ७.०५

माफ करा, पॅकहाउस. :)

हिशोब ज्या नावावर असतो ते नावच तुमच्याकडे बदलतं. टीसीपीचं संभाषण दोन पत्ते आणि दोन पोर्ट या चौकडीने ओळखलं जातं. मोबाइलवर गेलात की बाहेर दिसणारा तुमचा पत्ता बदलतो. समोरच्या सर्व्हरला तुम्ही अनोळखी. मधला रस्ता बदलला तर काही बिघडत नाही, टोकाचा पत्ता बदलला की संपलं. क्विक नावाच्या नव्या पद्धतीत संभाषणाला वेगळा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलूनही ते तगू शकतं, पण दोन्ही बाजूंना ती सोय हवी. सरकारी पोर्टलवर अपेक्षा ठेवू नका.

---

ईशान_जेलरोड · शनिवार, दुपारी २.३०

झालं!! दोन स्विच घेतले, मधली वायर उपटली. दोन्ही राउटरचे दिवे हिरवे आणि पिंग मेलेला. लॅब असिस्टंट काका घाबरून बघायला आले.

```
64 bytes from 10.0.20.5: icmp_seq=61 ttl=62 time=0.71 ms
64 bytes from 10.0.20.5: icmp_seq=249 ttl=61 time=1.08 ms
```

(मध्ये काही `Destination Host Unreachable` च्या ओळी आल्या, त्या गाळल्या.) ६२ ते २४८ म्हणजे १८७ पिंग गेले, प्रत्येकी ०.२ सेकंद, म्हणजे ३७.४ सेकंद. पुन्हा केलं तर ३२, मग ३९. तुम्ही म्हणालात तसं ३० ते ४० च्या मध्येच. आणि प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा ttl ६२ चा ६१ झालाय, म्हणजे परतीच्या वाटेत एक राउटर वाढला, तो आर३ ना?

पण एक विचित्र गोष्ट. त्याच वेळी दुसऱ्या लॅपटॉपवरून मोठी फाइल कॉपी होत होती. पिंग ३७ व्या सेकंदाला परत आला, पण कॉपी ५२ व्या सेकंदापर्यंत ढिम्म. मग हळूच सुरू झाली आणि पूर्ण झाली, तुटली नाही. रस्ता मोकळा असताना पंधरा सेकंद ती कशाची वाट बघत होती?

---

निवृत्त_मास्तरीण · शनिवार, दुपारी ३.१५

शाब्बास. हा प्रश्न मी कधी परीक्षेत विचारला नव्हता, विचारायला हवा होता.

पाकिटाची पोच आली नाही की टीसीपी थोडं थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवतं. लिनक्सवर, तुझ्याएवढ्या जवळच्या जाळ्यात, ते थांबणं सुमारे ०.२ सेकंदांचं. तरी पोच नाही आली तर दुप्पट थांबतं, मग त्याच्या दुप्पट. वहीत मांडून बघ: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.४, १२.८, २५.६. यांची बेरीज करत जा. सातवा प्रयत्न साधारण २५ व्या सेकंदाला पडतो, तेव्हा रस्ता मेलेलाच होता. आठवा थेट ५१ व्या सेकंदाच्या आसपास. रस्ता ३७ ला उघडला, पण तुझ्या टीसीपीला ते सांगणार कोण? ते ५१ पर्यंत डोळे मिटून बसलं होतं.

तुटलं का नाही? लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर असे प्रयत्न सुमारे पंधरा मिनिटं करत राहतं, मग सोडून देतं.

---

चिवडा_पॅक · शनिवार, दुपारी ३.३०

मग दुप्पट कशाला करायचं? दर ०.२ सेकंदाला ठोकत राहिलं असतं तर ३७ व्या सेकंदाला कॉपी सुरू झाली असती. सरळ आहे.

---

निवृत्त_मास्तरीण · शनिवार, संध्याकाळी ५.००

या वेळी तुमचं गणित बरोबर आहे. तुटलेल्या केबलसाठी ठोकत राहणंच चांगलं. पण पाठवणाऱ्याला दिसतं एवढंच की पोच आली नाही. केबल तुटली की रस्ता तुंबला, हे त्याला समजत नाही. आणि तुंबलेल्या रस्त्यावर ठोकत राहिलं की काय होतं, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसलं.

बर्कलेची प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ, अंतर सुमारे ४०० यार्ड, मध्ये दोन टप्पे. तिथला वेग ३२ किलोबिट प्रति सेकंदावरून ४० बिट प्रति सेकंदावर आला. काहीही तुटलं नव्हतं. रांगा लांबल्या, पोच उशिरा येऊ लागली, मशीनना वाटलं पाकीट हरवलं, त्यांनी ते पुन्हा पाठवलं. मूळ पाकीट अजून रांगेतच उभं! लाइन काठोकाठ भरलेली, पण त्यातला बराचसा माल दुबार. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरल्स यांनी यावर काम केलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडले. पोच यायला लागणाऱ्या वेळाचा अंदाज नीट काढा, अपयश आलं की थांबण्याचा काळ वाढवत न्या, आणि पुन्हा सुरुवात करताना हळू करा, पोच येत जाईल तसा वेग वाढवा. ईशानची कॉपी "हळूच सुरू झाली" ती त्यामुळेच.

ते पंधरा सेकंद त्याचं भाडं समजा.

---

ट्रंककॉल · शनिवार, संध्याकाळी ५.४०

जानेवारी २००८ अखेरची आठवण झाली. इजिप्तजवळ अलेक्झांड्रियाच्या समुद्रात दोन मोठ्या केबल एकदम तुटल्या होत्या. भारतातून युरोपकडे जाणारी रहदारी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून वळवली. नेट बंद नव्हतं पडलं, पण इतकं मंद की मुलगा म्हणाला, "बाबा, यापेक्षा बंद असतं तर बरं." आता कळतंय, उरलेल्या केबलमध्ये सगळे शिरले आणि प्रत्येकाचं टीसीपी आपापला वेग आवरत बसलं.

---

रात्रपाळी_सातपूर · शनिवार, रात्री ११.२०

काकांनी मर्मावर बोट ठेवलं. ईशान, हे स्लाइडवर घे. समज दोन लिंक आहेत, दोन्ही सारख्या, दोन्ही ७० टक्के भरलेल्या. छान चाललंय. एक तुटली. राउटिंगने चाळीस सेकंदांत आपलं काम चोख केलं आणि १०० च्या लिंकवर १४० चा भार टाकला. आता कंजेशन सुरू. म्हणून जोडीतली लिंक निम्म्यावर गेली की आम्ही वरिष्ठांकडे नवी मागतो, आणि ते विचारतात, "अर्धी रिकामी असताना कशाला?"

आणि "४० सेकंद फार झाले, हॅलो एक सेकंदावर आण" असं परीक्षक म्हणतील. आणता येतो. प्रत्यक्षात आम्ही बीएफडी लावतो, तो दर ५० मिलिसेकंदांनी टकटक करतो आणि तीन टकटकी चुकल्या की लिंक मेली म्हणतो. ४० सेकंदांचे ०.१५ सेकंद होतात.

---

निवृत्त_मास्तरीण · रविवार, सकाळी ९.००

इथे मी थोडी वेगळी आहे. लिंक तुटली नसून तुंबलीय, आणि त्या तुंबण्यात टकटकच हरवली तर? राउटर धडधाकट लिंक मेली म्हणून जाहीर करेल, सगळा भार दुसरीवर टाकेल, तीही तुंबेल. मग पहिली "जिवंत" होईल. लंबक परत आला. चाळीस सेकंदांचा सुस्तपणा हा एक प्रकारचा धीरही आहे.

---

रात्रपाळी_सातपूर · रविवार, सकाळी १०.३०

त्यासाठी टकटकीच्या पाकिटांना रांगेत अग्रक्रम देतात, मॅडम. तुंबलं तरी ती आधी निघतात.

---

निवृत्त_मास्तरीण · रविवार, सकाळी १०.५०

तुमच्या उपकरणांत देत असतील. मधली लाइन भाड्याची असेल तर तिथला मालक तुमचा अग्रक्रम मानतोच असं नाही.

---

रात्रपाळी_सातपूर · रविवार, सकाळी ११.१०

हे मात्र खरं. भाड्याच्या लाइनवर मी स्वतः ३०० मिलिसेकंद ठेवतो, आणि त्यावर सहकाऱ्यांशी दर महिन्याला भांडण होतं. कोणाचा आकडा बरोबर ते अजून ठरलेलं नाही.

---

पिंपळगावकर · रविवार, संध्याकाळी ६.००

चालून आलो. तिसऱ्या खांबापासून दोन्ही वायरी एकाच पाइपात आहेत. एका कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला "तसंच असतं."

---

ईशान_जेलरोड · सोमवार, संध्याकाळी ७.२०

झालं प्रेझेंटेशन. डेमो चालला. पहिल्या सेकंदाचा प्रश्न आलाच, आणि पंधरा सेकंदांची वहीतली बेरीज फळ्यावर करून दाखवली. "दरीत जातं" वर परीक्षक हसले.

पण शेवटी त्यांनी असं काही विचारलं जे इथे कोणालाच सुचलं नव्हतं: "आता वायर परत जोड. किती पिंग हरवतील?" मी आत्मविश्वासाने म्हणालो, पुन्हा ३०-४० सेकंदांचे. ते म्हणाले, जोडून बघ. जोडली. सगळे स्क्रीनकडे बघत होतो. ttl ६१ वरून परत ६२ झाला आणि एकही पिंग हरवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "का?" तेवढ्यात वेळ संपली.

---

चिवडा_पॅक · सोमवार, संध्याकाळी ७.३५

जुना रस्ता चालूच होता ना रे. नवा पूर्ण तयार होईपर्यंत आर३ वरूनच जात होतं. बायपास उघडेपर्यंत गावातला रस्ता कोण बंद करतं?

---

रात्रपाळी_सातपूर · सोमवार, रात्री ११.३०

चिवडा, दंडवत. या वेळी पूर्ण बरोबर.